दवाखान्याची गूगल नोंद: वर्णन काय लिहावं, पोस्ट काय टाकाव्यात?

रात्रीचे नऊ वाजलेत. लहान मुलाला दोन दिवसांपासून ताप आहे. घरातले पुरुष कामावरून अजून यायचे आहेत. आई मोबाईल हातात घेते आणि शोधते: "lady doctor near me" किंवा नुसतं "clinic open now". समोर चार-पाच दवाखान्यांची नावं येतात. त्यातला कोणता उघडा आहे, कुठे बाई डॉक्टर आहेत आणि लहान मुलांना कोण तपासतं, हे तिला अर्ध्या मिनिटात कळायला हवं. ज्या नोंदीत ते कळतं तिथे ती जाते.

गंमत म्हणजे तिच्या घराजवळ, दोन गल्ल्या सोडून एक चांगला दवाखाना असतो. तिथे रात्री दहापर्यंत डॉक्टर बसतात, बाई डॉक्टरही असतात. पण गूगलवर त्या दवाखान्याची वेळ "सकाळी १० ते संध्याकाळी ६" अशी तीन वर्षांपूर्वीची पडून आहे. वर्णनाच्या जागी "बेस्ट क्लिनिक, अनुभवी डॉक्टर" एवढंच लिहिलेलं आहे. म्हणून ती माऊली रिक्षा करून लांब जाते, आणि दवाखान्यात डॉक्टर रिकामे बसून राहतात.

आपल्या वस्त्यांमध्ये अनेक घरांत आता मुलगा किंवा मुलगी डॉक्टर झाली आहे. कुणी नवा दवाखाना उघडला आहे, कुणी वडिलांचा चालवतं आहे. डॉक्टरांना रुग्णांमधून फुरसत नसते, त्यामुळे गूगलवरची नोंद सांभाळण्याचं काम घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीकडे, भाच्याकडे किंवा काउंटरवरच्या कंपाउंडरकडे येतं. हा लेख आम्ही मुख्यतः त्यांच्यासाठी लिहीत आहोत. नोंदीचं वर्णन कसं लिहायचं आणि पुढे पोस्ट काय टाकायच्या, या दोनच गोष्टी आपण नीट पाहू.

आधी नोंद कुणाच्या हातात आहे ते बघा

या सेवेचं नाव गूगल बिझनेस प्रोफाइल. २०२१ पर्यंत तिला गूगल माय बिझनेस म्हणत. ती पूर्णपणे मोफत आहे. "पैसे भरा, नाहीतर तुमची नोंद बंद होईल" असा फोन आला तर तो फसवणुकीचा समजावा. नोंद वर आणण्यासाठी पैसे घेण्याची सोय गूगलनेच ठेवलेली नाही. जाहिरात विकत घेता येते, पण ती वेगळी दिसते.

बऱ्याच दवाखान्यांची नोंद बोर्ड रंगवणाऱ्याने किंवा कुठल्या तरी मार्केटिंगवाल्याने स्वतःच्या ईमेलवरून करून दिलेली असते. तो नंबर बदलतो, गावी निघून जातो, आणि दवाखान्याला स्वतःची वेळसुद्धा बदलता येत नाही. म्हणून नोंदीची मालकी, म्हणजे स्क्रीनवर "Owner" दिसते ती, डॉक्टरांच्या स्वतःच्या ईमेलकडे असावी. भाच्याला किंवा कंपाउंडरला "Manager" म्हणून जोडावं. त्यांना रोजचं काम करता येतं, पण मालकी जात नाही.

नावाच्या बाबतीतही एक चूक सर्रास होते. बोर्डावर नाव एक आणि गूगलवर "अमुक क्लिनिक बेस्ट लेडी डॉक्टर चाइल्ड स्पेशालिस्ट कोंढवा". गूगलचा नियम स्पष्ट आहे: नाव तेच लिहायचं जे प्रत्यक्ष दुकानावर, बोर्डावर आहे. जादा शब्द घुसवले आणि कुणी तक्रार केली तर नोंद स्थगित होऊ शकते. मग ती परत मिळवायला कागदपत्रं जोडत बसावं लागतं, आणि तेवढे दिवस दवाखाना नकाशावरून गायब राहतो.

वर्णनाने काय होतं आणि काय होत नाही

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. अनेकांना वाटतं, वर्णनात "बेस्ट डॉक्टर", "टॉप क्लिनिक" असे शब्द दहा वेळा लिहिले की नोंद वर येते. जवळपासच्या शोधात कुणाला वर दाखवायचं यासाठी गूगलने स्वतः तीन गोष्टी सांगितल्या आहेत. पहिली, शोधलेल्या गोष्टीशी नोंद किती जुळते. दुसरी, शोधणाऱ्यापासून जागा किती लांब आहे. तिसरी, ती जागा किती जाणती आहे. यात अभिप्रायांची संख्या आणि त्यांचे तारेही येतात. अंतर आपल्या हातात नाही. जुळणीचं मोठं काम योग्य प्रवर्ग निवडून होतं, आणि "आत्ता उघडं आहे का" हे गूगल आपण भरलेल्या वेळांवरून ठरवतं.

मग वर्णन कशासाठी? नोंद दिसल्यानंतर माणसाने ठरवावं यासाठी. तीन दवाखाने समोर आहेत, तिन्हींना चार-साडेचार तारे आहेत. आता त्या आईला हवी ती माहिती ज्याने साध्या शब्दांत लिहिली आहे, त्याच्याकडे ती जाणार. वर्णनाचं काम एवढंच आहे, आणि ते लहान नाही.

एक उदाहरण घेऊ

समजा, पुण्यात कोंढवा खुर्दला मीठानगरमध्ये एक दवाखाना आहे. नवरा-बायको दोघं डॉक्टर. हे उदाहरण आम्ही समजावण्यासाठी रचलेलं आहे, पण असे दवाखाने मुंब्र्यात, मालेगावात, मिरजेत सगळीकडे सापडतील. त्यांच्या नोंदीवर आज असं वर्णन आहे:

"पुण्यातील नंबर वन क्लिनिक. अनुभवी व तज्ज्ञ डॉक्टर. अत्याधुनिक सुविधा. सर्व आजारांवर १००% खात्रीशीर इलाज. माफक दर. आजच फोन करा."

हे वाचून रुग्णाला काय कळलं? काहीच नाही. यातलं प्रत्येक वाक्य समोरच्या दवाखान्यालाही लावता येईल, आणि मोबाईल दुरुस्तीच्या दुकानालाही थोड्या फरकाने चालेल. शिवाय "खात्रीशीर इलाज" हे शब्द कायद्याच्या दृष्टीनेही धोक्याचे आहेत. त्याकडे पुढे येऊ.

नवं वर्णन लिहिण्याआधी एक काम करायचं. एक आठवडा काउंटरवर वही ठेवायची आणि फोनवर लोक काय विचारतात ते जसंच्या तसं लिहायचं. आपल्या उदाहरणातल्या दवाखान्यात समजा हे प्रश्न पुन्हा पुन्हा आले: "मॅडम आहेत का आत्ता?" "जुम्याला कधी बंद होतो?" "बाळाची लस मिळते का?" "अम्मीला जिना चढता येत नाही, वर आहे की खाली?" "शुगर तिथेच तपासतात का?" "सोनोग्राफी होते का?" लोकांना काय जाणून घ्यायचं आहे याची याद्वारे आयती यादी मिळते. वर्णन म्हणजे या प्रश्नांची उत्तरं.

जागा मात्र मोजकी आहे. वर्णनाला ७५० अक्षरांची मर्यादा आहे. मराठीत काना, मात्रा, अनुस्वार हेही वेगळे मोजले जातात, त्यामुळे प्रत्यक्षात शंभरेक शब्दच बसतात. त्यातही वाचणाऱ्याला आधी पहिल्या एक-दोन ओळी दिसतात, बाकीचं "More" दाबल्यावर. म्हणून दवाखान्याचं नाव पुन्हा लिहिण्यात पहिली ओळ घालवू नये, नाव तर वरच आहे. वर्णनात फोन नंबर लिहू नये, त्याची जागा वेगळी आहे. वेबसाइटची लिंक टाकायला गूगल मनाई करतं. दर आणि सवलतींवर भर द्यायलाही तिथे मनाई आहे.

आता नवं वर्णन:

"मीठानगर, कोंढवा खुर्द येथील फॅमिली दवाखाना. ताप, सर्दी-खोकला, पोटाच्या तक्रारी, रक्तदाब आणि मधुमेह यांची तपासणी व नियमित उपचार. महिला डॉक्टर सोमवार ते शनिवार संध्याकाळी ६ ते ९ असतात. गरोदरपणातील तपासणीही त्या करतात. लहान मुलांची तपासणी रोज, लसीकरण फक्त गुरुवारी सकाळी. रक्त-लघवीचे नमुने इथेच घेतले जातात, रिपोर्ट दुसऱ्या दिवशी मिळतो. दवाखाना तळमजल्यावर आहे, दाराशी पायऱ्या नाहीत. मराठी, हिंदी, उर्दू आणि इंग्रजीत बोलता येते. भरती करण्याची सोय, सोनोग्राफी आणि एक्स-रे इथे नाही; तातडीच्या रुग्णाला जवळच्या रुग्णालयात पाठवले जाते."

हे ७५० अक्षरांच्या आत बसतं. यात स्वतःची स्तुती करणारं एकही विशेषण नाही, पण प्रत्येक वाक्य कुणाच्या तरी मनातल्या प्रश्नाचं उत्तर आहे. पहिल्या दोन वाक्यांत जागा आणि कामाचं स्वरूप आलं. तिसऱ्यात महिला डॉक्टरांची वेळ आली. आपल्याकडच्या कितीतरी स्त्रिया दुखणं महिनोन्महिने अंगावर काढतात, कारण पुरुष डॉक्टरांना सांगायचा संकोच वाटतो. "लेडी डॉक्टर उपलब्ध" एवढं लिहिलं तर ती बाई सकाळी येते, मॅडम नसतात, आणि ती न दाखवताच परत जाते. म्हणून वार आणि वेळ लिहायलाच हवी.

शेवटचं वाक्य पाहून काही डॉक्टर म्हणतील, "आमच्याकडे काय नाही ते आम्हीच कशाला सांगायचं?" आमचं म्हणणं असं की सांगावं. सोनोग्राफीसाठी आलेल्या रुग्णाला परत पाठवलं तर तो वैतागतो आणि एक तारा देऊन जातो. छातीत दुखणारा माणूस भरतीची सोय असेल असं समजून आला तर त्याची मोलाची वेळ जाते. नाही ते "नाही" म्हणून लिहिलं की आहे त्यावर लोकांचा भरवसा बसतो.

भाषा कोणती ठेवावी, हाही प्रश्न येतो. वर्णनाची जागा एकच असते. वस्तीत ज्या भाषेत लोक मोबाईलवर वाचतात ती भाषा घ्यावी. प्रोफाइलमध्ये "Performance" नावाचा भाग आहे. कुठले शब्द शोधून लोक आपल्या नोंदीपर्यंत आले, हे तिथे दिसतं. सगळे शब्द इंग्रजी लिपीत असतील तर वर्णन छोटं करून मराठीत चार वाक्यं आणि तीच इंग्रजीत चार वाक्यं, असंही करता येतं.

पदवी आणि दावे: इथे जपून

आपल्या वस्त्यांत एमबीबीएससोबत बीयूएमएस आणि बीएचएमएस डॉक्टर मोठ्या संख्येने आहेत. यात लपवण्यासारखं काही नाही. पदवी जी आहे ती तशीच लिहावी, आणि प्रवर्गही पदवीला धरूनच निवडावा. युनानी किंवा होमिओपॅथीच्या डॉक्टरांनी नोंदीवर "एमडी फिजिशियन" किंवा "बालरोगतज्ज्ञ" लावलं तर ती रुग्णाची फसवणूक आहे. आज नाही तर उद्या तक्रार होते.

जाहिरातीबद्दलचा कायदाही माहीत असू द्यावा. एमबीबीएस आणि त्यापुढच्या ॲलोपॅथी डॉक्टरांना भारतीय वैद्यक परिषदेची २००२ ची आचारसंहिता लागू आहे. २०२३ च्या ऑगस्टमध्ये नवी नियमावली आली होती, पण त्याच महिन्यात ती स्थगित झाली. २००२ च्या नियमांनुसार जाहिरात करून रुग्ण स्वतःकडे ओढणं गैर मानलं जातं. मात्र काही गोष्टी वर्तमानपत्रातून जाहीर करायला त्यात परवानगी आहे: प्रॅक्टिस सुरू केली, तिचं स्वरूप बदललं, पत्ता बदलला, डॉक्टर काही दिवस नाहीत, परत रुजू झाले, फी किती आहे. नियम छापील वर्तमानपत्राच्या काळातला आहे, पण गूगलच्या नोंदीलाही हीच चौकट धरून चालणं शहाणपणाचं. आणि बघा, ही यादी म्हणजे रुग्णाला खरोखर उपयोगी पडणाऱ्या माहितीचीच यादी आहे. कायद्यात राहून लिहिलेली नोंदच चांगली नोंद ठरते.

दुसरा कायदा १९५४ चा आहे, औषधे आणि जादूई उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींबद्दलचा. मधुमेह, कर्करोग, लठ्ठपणा, लकवा अशा ठराविक आजारांवर अमुक औषधाने इलाज होतो अशी जाहिरात करायला त्यात बंदी आहे. तो सगळ्या पॅथींना लागू आहे. "शुगर मुळापासून बरी करणारं औषध" असं पोस्टमध्ये लिहिणं थेट या कायद्यात सापडतं. "मधुमेहाची तपासणी आणि नियमित उपचार होतात" हे मात्र फक्त सेवेची माहिती देणं आहे. फरक एवढाच, पण तो पाळायलाच हवा.

पोस्ट: कमी टाका, पण कामाच्या टाका

वर्णन एकदा लिहिलं की वर्षातून दोनदा बघितलं तरी चालतं. पोस्टचं तसं नाही. पोस्ट म्हणजे दवाखान्याच्या दाराशी लावलेला खडूचा फळा. आज काय, या आठवड्यात काय, ते त्यावर असतं. डॉक्टरांच्या ईमेलने लॉगिन करून गूगलवर दवाखान्याचं नाव शोधलं की "Add update" असा पर्याय दिसतो. पोस्टला १५०० अक्षरांची मर्यादा आहे, पण पन्नास-साठ शब्द पुरेत, कारण यादीत सुरुवातीचीच ओळ दिसते. मजकुरात फोन नंबर टाकू नये, गूगल अशी पोस्ट नाकारू शकतं. त्याऐवजी खाली "Call now" हे बटण लावावं. नोंदीवरचाच नंबर त्याला जोडलेला असतो. औषधांची नावं आणि त्यांची जाहिरातही टाळावी, त्यावरही पोस्ट अडकते. तारीख न घातलेली पोस्ट सहा महिन्यांनी मागे पडते.

किती पोस्ट टाकायच्या? आठवड्याला एक जमली तर उत्तम, पंधरा दिवसांनी एक असेल तरी चालेल. पहिल्या महिन्यात वीस पोस्ट आणि नंतर वर्षभर काहीच नाही, असं झालं तर नोंद बघणाऱ्याला दवाखाना बंद पडला की काय असं वाटतं. रोज "सुप्रभात" आणि सणांच्या शुभेच्छांची चित्रं टाकण्यात अर्थ नाही. कामाची माहिती त्याखाली दबून जाते. आमच्या मते तीन प्रकारच्या पोस्ट पुरतात.

पहिला प्रकार म्हणजे वेळेतला बदल. सगळ्यात महत्त्वाची पोस्ट हीच. उदाहरणार्थ:

"शनिवार आणि रविवारी डॉक्टर बाहेरगावी आहेत. महिला डॉक्टर दोन्ही दिवशी संध्याकाळी ६ ते ९ असतील. सकाळी दवाखाना बंद राहील. सोमवारपासून नेहमीच्या वेळा."

पण नुसती पोस्ट टाकून भागत नाही. वेळाही नोंदीत बदलायला हव्यात, कारण "Open" किंवा "Closed" हे त्यावरून दिसतं. एका-दोन दिवसांच्या बदलासाठी "Special hours" आहे. ईदच्या सुट्टीसाठी तेच वापरावं. जुम्याचा दिवस तर दर आठवड्याला येतो, तेव्हा शुक्रवारची सकाळची वेळ कायमचीच वेगळी भरावी, उदाहरणार्थ १० ते १२:३०. सकाळ आणि संध्याकाळ असे दोन भाग एका दिवसात भरता येतात, त्यामुळे दुपारच्या बंद वेळेत कुणी येऊन शटर बघून परत जात नाही.

रमजानमध्ये वेळा महिनाभर बदलतात. अनेक दवाखाने इफ्तारच्या सुमारास बंद होतात आणि तरावीहनंतर उघडतात. तेव्हा मुख्य वेळाच बदलाव्यात आणि मोबाईलवर ईदच्या दुसऱ्या दिवसाचा गजर लावून ठेवावा. रमजानच्या वेळा दोन-दोन महिने तशाच राहिल्याचं सर्रास दिसतं, आणि मग दिवसा आलेला रुग्ण "Closed" बघून दुसरीकडे जातो.

दुसरा प्रकार, ठराविक दिवसाची सेवा. लसीकरणाचा गुरुवार, महिन्यातून एकदा येणारे हाडांचे डॉक्टर, मॅडमच्या बदललेल्या वेळा. वार, वेळ आणि सोबत काय आणायचं, एवढं लिहावं. "बाळाचं लसीकरण कार्ड सोबत आणा" ही एक ओळ काउंटरवरचा अर्धा गोंधळ कमी करते.

तिसरा प्रकार, मोसमातला आजार. इथे डॉक्टरांनी दोन मिनिटं बसून स्वतः मजकूर वाचायला हवा, कारण चुकीचा सल्ला नोंदीवर दवाखान्याच्या नावाने राहतो. पावसाळ्यातली एक पोस्ट अशी होऊ शकते:

"डेंग्यूचा डास दिवसा चावतो आणि साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. कूलर, ड्रम, कुंड्यांखालच्या बशा आठवड्यातून एकदा रिकाम्या करून घासा. ताप असताना दुखणं थांबवणाऱ्या गोळ्या स्वतःहून घेऊ नका. ताप उतरल्यावर पोटात जोरात दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त असं काही दिसलं तर थांबू नका, लगेच रुग्णालयात जा."

या पोस्टमध्ये "आमच्याकडेच या" असं कुठेही नाही. उलट गंभीर लक्षणात रुग्णालयात जा असं सांगितलं आहे. तरीही साध्या तापाला तपासायला माणूस याच दवाखान्यात येईल, कारण त्याला वेळेवर खरी गोष्ट इथून कळली.

आणि आपल्या घरांसाठी खास एक पोस्ट आहे, जी बहुतेक दवाखाने उशिरा टाकतात. ती रमजान सुरू झाल्यावर न टाकता दीड-दोन महिने आधी टाकावी:

"मधुमेह आहे आणि रोजे ठेवायचे आहेत? रमजानच्या आधी एकदा तपासून घ्या. गोळ्या किंवा इन्सुलिनची वेळ आणि मात्रा स्वतःहून बदलू नका. काही रुग्णांना रोजा धोक्याचा ठरू शकतो, ते डॉक्टर तपासून सांगतील. येताना जुने रिपोर्ट आणि चालू गोळ्या आणा."

रमजान सुरू झाल्यावर दुसरी पोस्ट: बोटातून थेंबभर रक्त घेऊन साखर तपासल्याने रोजा तुटत नाही, आणि साखर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली तर रोजा सोडावा, असं मधुमेह आणि रमजानवरच्या आंतरराष्ट्रीय वैद्यकीय मार्गदर्शनात सांगितलं आहे. आपल्याकडे कितीतरी बुजुर्ग घाम सुटून थरथरायला लागल्यावरही मगरिबची वाट बघत बसतात. ही पोस्ट त्यांच्या सुनेने किंवा नातवाने वाचली तर तिचं मोल एका नव्या रुग्णापेक्षा कितीतरी जास्त आहे.

फोटोंबद्दल एक सांगतो. रुग्णाचा चेहरा, त्याचा रिपोर्ट, उपचाराआधीचा आणि नंतरचा फोटो, यातलं काही टाकू नये. रुग्णाच्या परवानगीशिवाय ओळख उघड करणं आचारसंहितेच्या विरोधात आहे, आणि वस्तीत सगळे सगळ्यांना ओळखतात. दवाखान्याचा बाहेरचा बोर्ड, दार आणि शेजारची ओळखीची खूण यांचा दिवसा काढलेला फोटो सगळ्यात उपयोगी. पहिल्यांदा येणारा माणूस तोच बघून गल्ली ओळखतो.

फायदा झाला का, हे कसं कळेल?

"Performance" मध्ये दर महिन्याला किती जणांनी फोन केला आणि किती जणांनी रस्ता विचारला, हे दिसतं. पण हे आकडे जपून वाचावेत. नोंद नीट झाल्यावर फोन कमी होऊ शकतात. "डॉक्टर आहेत का?" असं विचारायची गरजच राहिलेली नसते. फोन घटले आणि रस्ता विचारणारे वाढले, तर ते चांगलंच लक्षण आहे. पावसाळ्यात रुग्ण वाढतातच, म्हणून जुलैची तुलना एप्रिलशी करू नये. गेल्या वर्षीच्या जुलैशी करावी.

सगळ्यात खरा हिशेब काउंटरवर होतो. नव्या रुग्णाची नोंद करताना एक प्रश्न विचारायचा, "आमच्याबद्दल कुठून कळलं?" आणि वहीत "शेजारी", "बोर्ड", "मोबाईल" यापैकी एकावर खूण करायची. तीन महिन्यांत चित्र स्पष्ट होतं. कुणी "मोबाईलवर दहापर्यंत लिहिलंय, इथे तर नऊलाच बंद करताय" असं म्हणालं, तर वाद घालू नका, त्याच दिवशी नोंद दुरुस्त करा. गूगलवर कुणीही बाहेरचा माणूस वेळ किंवा पत्ता बदलण्याची सूचना करू शकतो, आणि काही वेळा ती लागूही होते. म्हणून महिन्यातून एकदा दुसऱ्याच्या मोबाईलवरून आपली नोंद उघडून बघावी.

एक मर्यादाही सांगायला हवी. चांगली नोंद लोकांना दारापर्यंत आणते, आत काय होतं ते तिच्या हातात नाही. नोंदीवर मॅडमची वेळ सहाची आणि मॅडम येतात साडेसातला, असं झालं तर नोंद जितकी चांगली तितका राग मोठा. तेव्हा लिहिताना एकच कसोटी लावावी: रात्री नऊ वाजता तापाने फणफणलेलं मूल घेऊन निघालेली आई हे वाचून आली, तर तिला इथे तेच सापडेल का? सापडणार असेल तरच ते वाक्य ठेवावं.